मित्राला उसने पैसे देतानाचा कागद: सही करण्याआधी कसा वाचायचा

कोल्हापुरात मित्राला पैसे देताना कागदाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: "आपल्यात कागद कशाला मर्दा?" मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर ओळखीची माणसं असे कागद वाचायला माझ्याकडे घेऊन येतात. मी वकील नाही, पण हप्ता, व्याज आणि थकबाकी या तीन गोष्टींवरून माणसं कशी दुरावतात हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने खूप पाहिलंय. बहुतेक वेळा कागद असतो, पण त्याच कागदाचे दोघांनी दोन वेगळे अर्थ लावलेले असतात.

म्हणून हा लेख कागद लिहिण्यापेक्षा तो वाचण्याबद्दल जास्त आहे. तुमच्या हातात मसुदा आहे, अजून सही झालेली नाही, आणि तुम्ही पैसे देणारे किंवा घेणारे आहात, असं धरून चालू.

उदाहरणासाठी अलीकडचंच एक प्रकरण घेतो. दोघे शाळेपासूनचे मित्र. एक शिक्षक, दुसऱ्याचं उद्यमनगरात टर्निंगचं जॉबवर्क. त्याला जुनी लेथ घ्यायची होती आणि २,४०,००० रुपये कमी पडत होते. शिक्षक द्यायला तयार होते. दोघांनी मिळून कोणाच्या तरी जुन्या पावतीवरून हा मसुदा केला होता:

"मी आपणाकडून माझ्या व्यवसायाच्या अडचणीकरिता रक्कम रुपये २,४०,०००/- हातउसने घेतले आहेत. सदर रकमेवर दोन टक्के दराने व्याज देईन. रक्कम बारा हप्त्यांत जमेल तशी परत करीन. एकही हप्ता चुकल्यास सर्व रक्कम एकदम देईन व सुरुवातीपासून पाच टक्के दराने व्याज देईन. तारणादाखल कोरा चेक दिला आहे."

पाचच वाक्यं. वाचताना सगळं आलंय असं वाटतं. आता हा मसुदा पेन्सिल घेऊन वाचू.

पहिली पायरी: दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा

कलमं वाचण्याआधी मी एक गोष्ट नेहमी करतो. देणाऱ्याला एक कोरा कागद, घेणाऱ्याला एक. एकमेकांशी न बोलता लिहा: सगळं सुरळीत झालं तर एकूण किती रुपये परत यायचे, आणि शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला?

शिक्षकांनी लिहिलं २,९७,६००. मित्राने लिहिलं २,७१,२००. मसुदा एकच, दोघेही प्रामाणिक, आणि फरक २६,४०० रुपयांचा. शेवटच्या हप्त्याची तारीख शिक्षकांनी पुढच्या वर्षीचा जून लिहिली. मित्राने लिहिलं, "साधारण दिवाळीपर्यंत."

हे दोन आकडे सारखे येईपर्यंत सही करू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच फरकाचं मूळ शोधण्यासाठी आहेत.

दुसरी पायरी: व्याजाच्या वाक्यात चार शब्द शोधा

फरक आला तो "दोन टक्के दराने" या शब्दांमुळे. आपल्याकडे बोलीत "दोन टक्क्यानं" म्हटलं की महिन्याला शेकडा दोन रुपये. बँकेत किंवा कोर्टात टक्का म्हटला की वर्षाचा धरण्याची सवय आहे. म्हणजे पहिलाच प्रश्न हा की दर महिन्याचा की सालाचा. दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: व्याज कशावर? सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत, की हप्ता भरल्यावर जी शिल्लक राहते तिच्यावर?

या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याच वाक्यातून किती वेगळे आकडे निघतात ते बघा. मुद्दल २,४०,०००, दरमहा २०,००० मुद्दल परत, बारा महिने.

महिना दोन टक्के, पूर्ण मुद्दलावर: दर महिन्याला ४,८००, बारा महिन्यांचे ५७,६००. शिक्षकांच्या डोक्यात हे होतं.

महिना दोन टक्के, शिल्लक मुद्दलावर: पहिल्या महिन्याला ४,८००, दुसऱ्याला ४,४००, असं उतरत शेवटच्या महिन्याला ४००. एकूण ३१,२००. मित्राच्या डोक्यात हे होतं.

सालाना दोन टक्के, शिल्लक मुद्दलावर: एकूण फक्त २,६००. उद्या वाद झाला तर घेणाऱ्याचा वकील हेही म्हणू शकतो, आणि कागदातला कोणताही शब्द त्याला आडवा येणार नाही.

एकाच वाक्यातून २,६०० पासून ५७,६०० पर्यंत. यात कोणी लबाडी केलेली नाही. वाक्यच अर्धं आहे.

व्याजाचं वाक्य पुरं असण्यासाठी त्यात चार गोष्टी दिसायला हव्यात. एक, "दर साल दर शेकडा". हे शाळेतल्या गणिताचे शब्द आजही सगळ्यांत स्पष्ट आहेत. दोन, "शिल्लक मुद्दलावर" किंवा "मूळ मुद्दलावर", जे ठरलं असेल ते. तीन, "सरळव्याज" किंवा "चक्रवाढ". मित्रामित्रांत सरळव्याजच ठेवा, कारण चक्रवाढीचा हिशेब घरी बसून दोघांनी ताडून बघणं अवघड असतं. चार, व्याज कोणत्या दिवसापासून: कागदाच्या तारखेपासून की पैसे खात्यात जमा झाल्यापासून. कागद १० तारखेचा आणि पैसे २० तारखेला, असं सर्रास होतं.

आकडे समोर ठेवल्यावर दोघांचं बोलणं बदललं. शिक्षक म्हणाले, "अरे, मला तुझ्याकडून सत्तावन्न हजार कमवायचे नव्हते. मला वाटलं सगळे असंच लावतात." शेवटी ठरलं ते असं: "दर साल दर शेकडा १२ रुपये प्रमाणे सरळव्याज, शिल्लक मुद्दलावर, रक्कम खात्यात जमा झालेल्या दिवसापासून." म्हणजे महिन्याला एक टक्का. एकूण व्याज १५,६००, एकूण परतफेड २,५५,६००. या वेळी दोघांनी वेगवेगळं बसून लिहिलेला आकडा सारखा आला.

बिनव्याजी देत असाल तर तेही लिहा: "या रकमेवर व्याज आकारले जाणार नाही." व्याजाबद्दल कागद गप्प राहिला की नंतर दोन्ही बाजूंनी आठवणी निघतात.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. मैत्रीखातर एखाद्याला एकदा पैसे देणं ही सावकारी नाही. पण तुम्ही चार-पाच जणांना व्याजाने देत असाल, वरचेवर देत असाल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना लागतो. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा केला असं ठरलं तर कोर्ट वसुलीचा हुकूम देत नाही, आणि शिवाय तो गुन्हा आहे. "हा व्यवहार सावकारीचा नाही" असं कागदावर लिहिल्याने ही अडचण टळत नाही. तुम्ही प्रत्यक्षात काय करता हे पाहिलं जातं. आणि मिळालेलं व्याज हे देणाऱ्याचं उत्पन्न आहे, आयकर विवरणात ते दाखवायचं.

तिसरी पायरी: हप्त्यांचं वेळापत्रक तारखांसकट बघा

"बारा हप्त्यांत जमेल तशी". यात हप्ते किती ते आहे. पण पहिला कधी, किती रुपयांचा आणि कोणत्या तारखेला, यातलं काहीच नाही. हप्त्याची तारीखच नसेल तर हप्ता चुकला हे कोण ठरवणार? म्हणजे पुढचं "हप्ता चुकल्यास" हे वाक्यही लटकत राहतं. "जमेल तशी" हे शब्द दिसले की आधी ते खोडा.

तारीख ठरवताना घेणाऱ्याकडे पैसे कधी येतात ते विचारा. शिक्षकांनी सहज पाच तारीख सुचवली, कारण तोवर त्यांचा पगार जमा झालेला असतो. पण मित्राच्या जॉबवर्कची बिलं शिरोलीच्या फाउंड्रीकडून महिन्याच्या मध्यावर येतात, आणि पाच तारखेला त्याला स्वतःच्या कामगारांचे पगार करायचे असतात. पाच तारीख ठेवली असती तर पहिल्या महिन्यापासून उशीर झाला असता, आणि प्रामाणिक माणूस कागदावर थकबाकीदार दिसला असता. तारीख २० ठरली.

शेतकरी मित्र असेल तर दरमहा हप्त्याचा हट्ट धरू नका. ऊस उत्पादकाचे पैसे गळीत हंगामात येतात. पण "उसाचं बिल आल्यावर" एवढंच लिहिणंही धोक्याचं. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी असा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तरी बिलं लांबतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. म्हणून असं लिहा: "उसाचे बिल खात्यात जमा झाल्यापासून १५ दिवसांत, किंवा ३१ मार्चपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तेव्हा." म्हणजे बिल लांबलं तरी कागदाला एक पक्की तारीख उरते.

आमच्या प्रकरणात पैसे २० जूनला खात्यात गेले असं धरून वेळापत्रक असं झालं:

| हप्ता | तारीख | मुद्दल | व्याज | एकूण | शिल्लक मुद्दल |
|---|---|---|---|---|---|
| १ | २० जुलै | २०,००० | २,४०० | २२,४०० | २,२०,००० |
| २ | २० ऑगस्ट | २०,००० | २,२०० | २२,२०० | २,००,००० |
| ३ | २० सप्टेंबर | २०,००० | २,००० | २२,००० | १,८०,००० |
| १२ | २० जून (पुढील वर्ष) | २०,००० | २०० | २०,२०० | ० |

इथे मी चारच ओळी दिल्यात. कागदाला मात्र बाराच्या बारा ओळींचा, वर्षासकट तारखा असलेला तक्ता जोडा आणि त्या पानावरही दोघांच्या सह्या घ्या. करारात एक वाक्य टाका: "सोबतचे वेळापत्रक या कराराचा भाग आहे."

पैसे कसे द्यायचे हेही वेळापत्रकातच येतं. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला आणि फेडायला आयकर कायद्यात मनाई आहे. अगदी थोडे अपवाद सोडले तर जेवढी रक्कम रोखीने घेतली किंवा फेडली तेवढाच दंड होऊ शकतो. छोट्या हप्त्यांत रोख दिले तरी सुटका नाही, कारण देय रक्कम २०,००० च्या वर असेल तर तोही नियमात येतो. म्हणून देणं-घेणं दोन्ही बँकेतून. हप्ता पाठवताना शेऱ्यात "हप्ता ३, सप्टेंबर" असं लिहा. दोघांमध्ये इतरही व्यवहार चालू असतील, भिशी असेल, सहलीचा खर्च असेल, तर कोणते पैसे कशाचे हे त्या शेऱ्यावरूनच कळतं.

आणखी एक ओळ बघा, ती मसुद्यात जवळपास कधीच नसते: हप्ता अर्धाच आला तर? समजा तिसऱ्या महिन्यात २२,००० ऐवजी १२,००० आले. हे १२,००० मुद्दलात गेले की आधी व्याजात? करारात लिहा: "आलेली रक्कम प्रथम थकीत व्याजात, नंतर मुद्दलात जमा केली जाईल." म्हणजे २,००० व्याज वजा जाऊन १०,००० मुद्दलात. शिल्लक १,९०,०००, त्यातले १०,००० थकीत. पुढच्या महिन्याचं व्याज १,८०० ऐवजी १,९००. एवढा हिशेब दोघांनाही बोटांवर करता येतो, मग वादाला जागा राहत नाही.

मुदतीआधी पैसे फेडायचे झाले तर त्या दिवसापर्यंतचं व्याज आणि शिल्लक मुद्दल भरून मोकळं होता येईल, असंही एक वाक्य असू द्या. पुढे वेगळं काही लिहायची गरज नाही.

चौथी पायरी: हप्ता चुकला तर, हे वाक्य सगळ्यांत हळू वाचा

"एकही हप्ता चुकल्यास सर्व रक्कम एकदम देईन व सुरुवातीपासून पाच टक्के दराने व्याज देईन." लोक हे वाक्य धाक म्हणून घालतात. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली: सर्व रक्कम एकदम देय. ही अट स्वतःमध्ये चुकीची नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ खालच्या उदाहरणांतच आहे की पाच समान हप्त्यांच्या कर्जात एक हप्ता चुकल्यास पूर्ण रक्कम देय होईल ही अट दंडाची नाही. म्हणजे ती टिकते. पण "एकही हप्ता चुकल्यास" हे फार कडक झालं. बँकेचा सर्व्हर एक दिवस बंद पडला तरी अट लागू. म्हणून सवलतीचे दिवस आणि हप्त्यांची संख्या घाला.

दुसरी: सुरुवातीपासून पाच टक्के. हे वाचून मी मित्राला विचारलं, "समजा नऊ हप्ते वेळेवर भरले आणि दहावा चुकला. किती द्यावे लागतील?" तो म्हणाला, "साठ हजार आणि थोडं व्याज." शिक्षकांच्या डोक्यातल्या अर्थाने मसुदा वाचला तर मात्र महिना पाच टक्के, मूळ २,४०,००० वर, म्हणजे महिन्याला १२,०००, दहा महिन्यांचे १,२०,०००. साठ हजारांची बाकी आणि तिच्यावर एक लाख वीस हजारांचं व्याज.

असं कलम कोर्टात जसंच्या तसं वसूल होत नाही. कलम ७४ मध्येच याच्यासारखं उदाहरण आहे: १,००० रुपयांचं कर्ज १२ टक्क्यांनी, आणि चुकल्यास त्या दिवसापासून ७५ टक्के. कायदा त्याला दंडाची अट म्हणतो, आणि देणाऱ्याला कोर्टाला वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. तिथे तर जादा व्याज चुकल्या दिवसापासून होतं. आपल्या मसुद्यात ते सुरुवातीपासून आहे. म्हणजे देणाऱ्याला प्रत्यक्षात मिळणार नाही, आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर मात्र एक मोठा आकडा टांगलेला राहील. दोघांच्याही कामाचं नाही.

याच्या जागी आम्ही तीन वाक्यं लिहिली:

"हप्ता ठरल्या तारखेपासून १५ दिवसांत न भरल्यास तो थकीत समजला जाईल. थकीत मुद्दलावर ठरल्या तारखेपासून दर साल दर शेकडा १५ प्रमाणे सरळव्याज लागेल, बाकीच्या मुद्दलावर नाही. सलग दोन हप्ते थकल्यास देणाऱ्याने लेखी मागणी केल्यापासून ३० दिवसांत संपूर्ण शिल्लक मुद्दल व तोवरचे व्याज देय होईल."

मघाचंच उदाहरण पुढे नेलं तर १०,००० रुपये महिनाभर थकले. १२ टक्क्यांचं व्याज १,९०० मध्ये आलेलंच आहे. वरचे तीन टक्के म्हणजे महिन्याला २५ रुपये. चौथ्या महिन्यात देय रक्कम: मुद्दल २०,०००, थकीत १०,०००, व्याज १,९००, जादा २५. एकूण ३१,९२५. पंचवीस रुपयांत काय होणार, असं शिक्षकांना वाटलं. माझं मत असं की मित्राच्या कागदात जादा व्याजाचं काम उशिराची नोंद ठेवण्याचं असतं. वसुलीचा खरा जोर तिसऱ्या वाक्यात आहे.

त्या तिसऱ्या वाक्यातले "लेखी मागणी केल्यापासून" हे शब्द मी मुद्दाम घातले. "आपोआप एकदम देय होईल" असं लिहिलं तर दावा करण्याच्या मुदतीचं घड्याळ हप्ता चुकल्या दिवसापासून पूर्ण रकमेसाठी चालू होऊ शकतं, मग तुम्ही मैत्रीखातर थांबलेले असलात तरी. मागणीचा हक्क देणाऱ्याच्या हातात ठेवला की त्याला थांबण्याची मोकळीक राहते.

पाचवी पायरी: तीन वर्षांचं घड्याळ कुठून सुरू होतं ते शोधा

उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. प्रश्न हा की तीन वर्षं कधीपासून. इथे माणसं फसतात.

"मागाल तेव्हा परत देईन" असा कागद असेल तर बहुतेकांना वाटतं की मागितल्यापासून तीन वर्षं. मुदत अधिनियम, १९६३ तसं म्हणत नाही. मागणी केल्यावर परत द्यायच्या कर्जात मुदत पैसे दिल्या दिवसापासूनच मोजली जाते. मंगळवार पेठेतले आमचे एक शेजारी असाच कागद चार वर्षं कपाटात ठेवून होते, मित्राला वाईट वाटू नये म्हणून विचारतही नव्हते. विचारलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. मी कागद वाचून त्यांना हे सांगितलं तो दिवस मला अजून आठवतो.

तारखा ठरलेले हप्ते असतील तर ज्या त्या हप्त्याची मुदत त्या त्या तारखेपासून. म्हणून तारखांचं वेळापत्रक देणाऱ्याच्याही फायद्याचं असतं.

घड्याळ पुन्हा सुरू करण्याचा सरळ मार्ग आहे. मुदत संपण्याआधी घेणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं: "अमुक तारखेअखेर माझ्याकडून तुमचे इतके रुपये येणे बाकी आहे." त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. मुदतीच्या आत आलेला एखादा हप्ताही हेच काम करतो, पण तो भरल्याची नोंद घेणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असली पाहिजे. म्हणून मी करारात एक ओळ सुचवतो: "दरवर्षी ३१ मार्चला दोघे शिल्लक लिहून त्यावर सह्या करतील." मार्चअखेर आपल्याकडे सगळेच हिशेब करतात, त्यात हा एक.

सहावी पायरी: कोऱ्या चेकचं काय करायचं

"तारणादाखल कोरा चेक दिला आहे." घेणाऱ्याला वाटतं, ही नुसती औपचारिकता. तशी ती नाही. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला, तर त्यावर दुसऱ्याने रक्कम भरली तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कोर्ट आधी गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी चेक देणाऱ्यावर येते. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते.

पैसे देणाऱ्यासाठीही तो वाटतो तितका भक्कम नाही. समजा २,४०,००० चा चेक घेतला, दीड लाख परत आले, आणि मग पूर्ण २,४०,००० चाच चेक भरला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मधल्या काळात काही रक्कम फेडली गेली असेल आणि तशी नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही. शिवाय तारीख घातलेला चेक तीन महिनेच चालतो. न वटल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार, अशा तारखा पाळाव्या लागतात.

चेक घ्यायचाच असेल तर त्याचा क्रमांक, बँक, रक्कम आणि तो कशासाठी दिला हे करारात लिहा, आणि पूर्ण फेड झाल्यावर तो परत द्यायचा हेही. आमच्या प्रकरणात शिक्षकांनी चेक नकोच म्हणून सांगितलं. त्याऐवजी मित्राने आपल्या बँकेत दर २० तारखेला हप्त्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिली. मला तो मार्ग जास्त बरा वाटतो.

मसुद्यात कुठे "हप्ता थकल्यास मशीन उचलून नेण्यास हरकत नाही" असं असेल तर ते काढा. शटर उघडून लेथ उचलली तर उलट तुमच्यावरच पोलीस तक्रार होऊ शकते. तारण हवंच असेल तर त्याचा स्वतंत्र, नीट केलेला दस्त लागतो, आणि तिथे वकिलाकडे जा.

सातवी पायरी: शेवटच्या पानावर कोण कशासाठी सही करतंय

सह्यांच्या जागी "साक्षीदार" आणि "जामीनदार" यात गल्लत झालेली मी अनेकदा पाहिली. साक्षीदार फक्त सही आपल्यासमोर झाली एवढं सांगतो. जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते, आणि त्याच्याकडे आधी मागणी करायलाही हरकत नसते. "भावा, जरा सही कर" म्हणून बोलावलेल्या माणसाला आपण कोणत्या शब्दाखाली सही करतोय हे वाचून दाखवा.

स्टॅम्पबद्दल थोडक्यात: पूर्वी असे करार १०० च्या स्टॅम्पवर व्हायचे, ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० चा धरून चला. रक्कम मोठी असेल तर किती लागेल ते आधी विचारून घ्या. स्टॅम्प कमी पडला म्हणून व्यवहार रद्द होत नाही, पण तो कागद कोर्टात पुराव्यात घेण्याआधी फरक आणि दंड भरावा लागतो. नोटरी सही करणाऱ्याची ओळख आणि सही पाहतो. तुमचं व्याजाचं वाक्य बरोबर आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही. नोटरीचा शिक्का बसला म्हणून "दोन टक्के" या शब्दांचा अर्थ स्पष्ट होत नाही.

दोघांपैकी कोणाचं बरं-वाईट झालं तर काय, हे लिहायला जीभ रेटत नाही, तरी एक ओळ टाका: येणी आणि देणी वारसांकडे जातील. घेणाऱ्याच्या वारसांवर जबाबदारी येते ती त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच. आणि घरात एकाला तरी या कागदाची जागा माहीत असू द्या. शिक्षकांच्या पत्नीला हा व्यवहार ठाऊकच नव्हता. सही करायच्या आदल्या दिवशी त्यांनी घरी सांगितलं.

शेवटचा हप्ता आल्यावर करायचं काम सहीच्या दिवशीच ठरवून ठेवा. मूळ करारावर देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं: "या करारापोटी संपूर्ण मुद्दल व व्याज मिळाले, काही येणे बाकी नाही", खाली तारीख आणि सही. मूळ कागद घेणाऱ्याकडे, त्याची झेरॉक्स देणाऱ्याकडे. चेक घेतला असेल तर तो त्याच बैठकीत परत, आणि बँकेतली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बंद केल्याची खात्री, नाहीतर तेराव्या महिन्याच्या २० तारखेलाही पैसे जातील.